स्वस्त आरोग्यविमा केव्हा पुरतो?



या व्यासपीठावर आपण विद्वानांची भाषणे ऐकत आला आहात. आमचे शिक्षण नववीत सुटले. त्यापुढे जे काही शिकलो ते पगारपत्रके, करारांचे मसुदे आणि अलीकडच्या काळात इस्पितळांची बिले वाचून शिकलो. म्हणून आज आम्ही एका बिलापासूनच सुरुवात करणार आहोत. त्या बिलाच्या मागे आमची स्वतःची एक चूक उभी आहे, आणि ती आपल्यापुढे मांडावी हाही आज येथे येण्याचा एक हेतू आहे.

आमच्या युनियनचा एका मध्यम कारखान्याशी करार झाला तेव्हाची ही गोष्ट. कराराने पगार वाढले, आणि पुष्कळ कामगारांचा पगार महिना २१,००० रुपयांच्या पुढे गेला. राज्य कामगार विमा योजनेची, ज्याला आपण ई.एस.आय. म्हणतो तिची, पगाराची मर्यादा जानेवारी २०१७ पासून तीच होती. पगारवाढीचे पेढे वाटले गेले आणि सहामाही संपताच त्याच हातांतून ई.एस.आय.चे कार्ड निसटले. त्याची भरपाई म्हणून आम्ही मालकाकडून कुटुंबामागे ३ लाख रुपयांची गट पॉलिसी मिळवली. आता ३ लाख रुपये आजच्या इस्पितळात किती दिवस टिकतात हे आम्हांला ठाऊक होते. म्हणून आम्ही सभा घेऊन सांगितले, "वर आणखी एक टॉप-अप पॉलिसी घ्या. हप्ता थोडा आहे आणि १० लाखांचे छत्र मिळते." बऱ्याच जणांनी ती घेतली. त्यांत एक फिटर होते. कुटुंब चौघांचे, वय सत्तेचाळीस.

२०१९ च्या जूनमध्ये या फिटरबंधूंच्या छातीत दुखू लागले. अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट बसले, बिल २ लाख ६० हजार रुपये झाले. ते गट पॉलिसीने भरले. ऑक्टोबरात त्यांच्या पत्नीला डेंग्यू झाला आणि तो बळावला. अतिदक्षता विभाग झाला, रक्तबिंबिका चढवाव्या लागल्या, बिल १ लाख ९० हजार झाले. गट पॉलिसीत ४० हजारच उरले होते, तेवढे तिने दिले. पुढे फेब्रुवारीत फिटरबंधू न्यूमोनियाने पुन्हा इस्पितळात गेले आणि बिल झाले २ लाख ४० हजार. एका वर्षात ६ लाख ९० हजार रुपये खर्च झाला. गट पॉलिसीने त्यांतले ३ लाख भरले, उरले ३ लाख ९० हजार.

आता टॉप-अपची पाळी, असे समजून ते कागद घेऊन आमच्या कचेरीत आले. आम्ही मोठ्या विश्वासाने दावा भरून दिला. उत्तर आले ते एका ओळीचे होते: प्रत्येक दावा वजावटीच्या आत असल्यामुळे देय रक्कम शून्य. आम्ही भांडायच्या तयारीने पॉलिसी उघडली आणि प्रथमच ती नीट वाचली. कंपनीचे म्हणणे कागदाप्रमाणे बरोबर होते. चूक आमची होती. ३ लाख ९० हजार रुपयांसाठी त्या घरातल्या बांगड्या गहाण पडल्या आणि पतपेढीचे कर्ज झाले. त्या दिवसापासून आम्ही या विषयाचा अभ्यास करू लागलो.

हा घोटाळा कसा झाला ते पाहू. मूळ पॉलिसी पहिल्या रुपयापासून, तिच्या अटींप्रमाणे, खर्च देते. टॉप-अप आणि सुपर टॉप-अप पहिल्या रुपयापासून देत नाहीत. त्यांना एक उंबरठा असतो. त्याला वजावट म्हणतात. खर्च त्या उंबरठ्याच्या वर गेला तर वरचा भाग कंपनी देते, खालचा भाग आपला. तो आपण दुसऱ्या पॉलिसीतून भरा, मालकाकडून भरा किंवा खिशातून भरा, याच्याशी या कंपनीला सहसा कर्तव्य नसते. येथपर्यंत टॉप-अप आणि सुपर टॉप-अप या सख्ख्या बहिणी दिसतात. फरक एकच आहे, पण तोच सारे ठरवतो. साध्या टॉप-अपमध्ये प्रत्येक वेळचे इस्पितळाचे बिल एकट्याने तो उंबरठा ओलांडावे लागते. सुपर टॉप-अपमध्ये पॉलिसीच्या वर्षभरातली सारी बिले एकावर एक रचली जातात आणि त्या ढिगाची उंची मोजली जाते.

फिटरबंधूंचा हिशेब दोन्ही मापांनी करून पाहा. उंबरठा ३ लाखांचा. साध्या टॉप-अपच्या मापाने जूनचे २ लाख ६० हजार आत राहिले, ऑक्टोबरचे १ लाख ९० हजार आत राहिले, फेब्रुवारीचे २ लाख ४० हजारही आतच राहिले. तीन वेळा उंबरठ्यापर्यंत जाऊन माणूस तीन वेळा बाहेरच उभा. आता सुपर टॉप-अप लावा. जूनमध्ये ढीग २ लाख ६० हजारांचा, काही मिळाले नाही. ऑक्टोबरात ढीग ४ लाख ५० हजारांचा झाला, म्हणजे उंबरठ्यावरचे दीड लाख मिळाले असते. फेब्रुवारीत उंबरठा आधीच ओलांडलेला, म्हणून २ लाख ४० हजार सगळे मिळाले असते. दीड लाख आणि २ लाख ४० हजार मिळून ३ लाख ९० हजार होतात. जेवढे कर्ज झाले, नेमके तेवढेच.

कोणी विचारील की मग साधी टॉप-अप निकामीच का? तसे नाही. एकाच अपघाताचे बिल ८ लाख झाले असते, तर दोन्ही पॉलिसींनी सारखेच ५ लाख दिले असते. एका मोठ्या घावाला साधी टॉप-अप चालते. परंतु आजारपण असे एका घावात क्वचितच येते. हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार, कर्करोग हे माणसाला वर्षातून पाच-सहा वेळा इस्पितळात नेतात आणि दर वेळी मध्यम आकाराचे बिल हातात देतात. त्यातून पॉलिसी कुटुंबाची असेल तर एकाच वर्षात दोघे-तिघे आजारी पडू शकतात. दोन्ही पॉलिसींच्या हप्त्यांत अंतर फार नसते. म्हणून या दोहोंतली निवड आम्हांला कठीण वाटत नाही. घ्यायचीच तर सुपर टॉप-अप घ्यावी, आणि एजंटाच्या तोंडच्या शब्दावर न जाता वजावट 'प्रत्येक दाव्याला' आहे की 'पॉलिसी वर्षातील एकूण दाव्यांना' आहे, ते शब्द कागदावर बोट ठेवून पाहावेत.

कठीण प्रश्न पुढचा आहे. मोठी मूळ पॉलिसी घ्यावी, की लहान मूळ पॉलिसीवर सुपर टॉप-अप चढवून पैसे वाचवावेत?

हा वरचा मजला स्वस्त का मिळतो, हे आधी समजून घेतले पाहिजे. इस्पितळात जाणाऱ्या बहुतेकांची बिले पहिल्या काही लाखांतच संपतात. कंपनीचा पैसा मुख्यतः तेथेच खर्च होतो. ५ लाखांच्या वर जाणारी बिले थोडी, म्हणून तेथला धोका पत्करायला कंपनी कमी हप्ता मागते. यांत धर्मादाय नाही आणि लबाडीही नाही. पण याचाच दुसरा अर्थ असा की मूळ पॉलिसीची रक्कम तिप्पट केली म्हणून हप्ता तिप्पट होत नाही. हिशेबासाठी काही आकडे धरू. प्रत्यक्ष आकडे वयाप्रमाणे आणि कंपनीप्रमाणे बदलतील. ५ लाखांची मूळ पॉलिसी वर्षाला २० हजारांना आहे. १५ लाखांची २८ हजारांना आहे. ५ लाखांच्या उंबरठ्यावर १० लाखांची सुपर टॉप-अप ५ हजारांना आहे. म्हणजे एक मार्ग २८ हजारांचा, दुसरा २५ हजारांचा. बचत झाली ३ हजारांची. एवढ्याच अंतरासाठी दोन कंपन्या, दोन कागद आणि दोन दावे अंगावर घ्यावेत काय? आम्ही तर म्हणू, अंतर इतके थोडे असेल तर एकच मोठी पॉलिसी घ्यावी. अंतर १०-१२ हजारांचे असेल, वय चढलेले असेल, तर दुमजली बांधणीचा विचार जरूर करावा. मात्र तुलना करताना नवे दरपत्रकच घ्यावे, कारण वैयक्तिक आरोग्य पॉलिसींवरचा वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे. मालकाच्या गट पॉलिसीला ती सूट नाही.

खरी मोठी बचत दिसते ती तिसऱ्या मार्गात. मूळ पॉलिसी स्वतःची घ्यायचीच नाही, मालकाची गट पॉलिसी आहेच, तिच्यावर ५ हजारांची सुपर टॉप-अप टाकली की काम झाले, असा तो मार्ग. तरुण मंडळींना तो फार पसंत पडतो. येथे आम्हांला आमच्या घरातली एक गोष्ट आठवते. आमचे वडील गिरणी कामगार. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आम्ही शाळेत होतो. संप लांबला, नोकरी गेली, आणि नोकरीबरोबर ई.एस.आय.चा दवाखानाही गेला. नेमकी त्याच वर्षी आईला औषधांची गरज लागली होती. जे छत्र हजेरीच्या कार्डाला बांधलेले असते ते कार्डाबरोबरच जाते, हे आम्ही पुस्तकात वाचलेले नाही.

हीच गोष्ट आम्ही २०२३ साली नव्या वेषात पाहिली. आमचे एक सभासद ५८ व्या वर्षी निवृत्त झाले. मालकाची ५ लाखांची गट पॉलिसी होती, तिच्यावर ५ लाखांच्या उंबरठ्याची सुपर टॉप-अप होती. निवृत्तीच्या दिवशी गट पॉलिसी संपली. सुपर टॉप-अप चालूच राहिली, हप्ताही ते नेमाने भरत होते, आणि आपण विमेदार आहोत अशी त्यांची समजूत होती. चार महिन्यांनी ३ लाख ४० हजारांचे बिल झाले. उंबरठा ५ लाखांचा, म्हणून सुपर टॉप-अपचे देणे शून्य. मूळ पॉलिसी उरलेलीच नव्हती. माडीचा मजला शाबूत, खालचा मजला वाहून गेलेला, अशी ती अवस्था. पैसे भविष्यनिर्वाह निधीतून गेले. त्यानंतर त्यांनी नवी मूळ पॉलिसी मागितली तेव्हा साठीला आलेल्या, मधुमेह असलेल्या माणसाला हप्ताही जबर लागला आणि प्रतीक्षाकाळही पहिल्यापासून सुरू झाला.

नोकरी सोडण्यापूर्वी त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्यासाठी अर्ज करता येतो, आणि गट पॉलिसीत काढलेल्या वर्षांचा लाभ प्रतीक्षाकाळात मिळू शकतो. पण अर्ज मान्य करताना कंपनी प्रकृती तपासू शकते. काही सुपर टॉप-अप पॉलिसींत ठरावीक वर्षांनंतर वजावट काढून टाकण्याची सोयही असते. या दोन्ही दारांची चौकशी निवृत्तीच्या आधी करावी. निवृत्तीच्या निरोपसमारंभानंतर ती दारे बहुधा लागलेली असतात.

प्रतीक्षाकाळाबद्दल दोन शब्द अधिक बोलले पाहिजेत. गट पॉलिसीत पुष्कळदा जुने आजार पहिल्या दिवसापासून धरलेले असतात. त्यामुळे कामगाराला वाटते की वरच्या पॉलिसीतही ते असणारच. तसे नसते. सुपर टॉप-अप ही स्वतंत्र पॉलिसी आहे आणि तिचा प्रतीक्षाकाळ तिचा स्वतःचा. २०२४ च्या नियमांनी जुन्या आजारांसाठी तो जास्तीत जास्त ३६ महिन्यांवर आणला आहे; पूर्वी तो ४८ महिन्यांपर्यंत असे. त्या काळात जुन्या आजाराचे बिल ही कंपनी देत तर नाहीच, पण सहसा ते बिल ढिगातही मोजत नाही. म्हणजे गट पॉलिसीने त्या आजारावर ३ लाख भरले तरी वरच्या कंपनीच्या वहीत उंबरठा जागचा हललेला नसतो. म्हणून ही पॉलिसी प्रकृती चांगली असताना घ्यावी, आणि असलेला आजार अर्जात स्वच्छ लिहावा. आजार लपवून घेतलेली पॉलिसी गरजेच्या दिवशीच रद्द ठरू शकते.

आणखी एक बारीक खाच आहे. ती एजंटही सहसा सांगत नाहीत. समजा, मालकाची ३ लाखांची पॉलिसी एप्रिल ते मार्च चालते आणि आपण ३ लाखांच्या उंबरठ्याची सुपर टॉप-अप १ ऑक्टोबरला घेतली. ऑगस्टमध्ये अडीच लाखांचे बिल झाले, नोव्हेंबरात पुन्हा अडीच लाखांचे. मालकाच्या पॉलिसीने ३ लाख भरले. उरलेले २ लाख सुपर टॉप-अप देईल काय? नाही देणार. ऑगस्टचे बिल तिच्या जुन्या वर्षात पडले आणि १ ऑक्टोबरला तिचा ढीग पुन्हा शून्यापासून सुरू झाला. नव्या वर्षात ढीग अडीच लाखांचाच आहे. दोन्ही पॉलिसींचे वर्ष एकाच तारखेला सुरू होत असते तर ढीग ५ लाखांचा होऊन ते २ लाख मिळाले असते. यासाठी वेगळा पैसा लागत नाही. पॉलिसी घेताना तारीख जुळवून घेतली की झाले.

दावा करतानाही दोन कंपन्या आहेत हे ध्यानात ठेवावे. इस्पितळात दाखल होताच दोघींना कळवावे. "अजून उंबरठा गाठलेला नाही" म्हणून वरच्या कंपनीला न कळवणे ही चूक होय, कारण ढीग पुढे केव्हा उंच होईल ते आज सांगता येत नाही. मूळ कागद पहिल्या कंपनीकडे जातात, तेव्हा त्यांच्या प्रमाणित प्रती आधीच काढून ठेवाव्यात आणि पहिल्या कंपनीने किती रक्कम दिली याचे पत्र मागून घ्यावे. त्या पत्रावाचून दुसरा दावा अडून बसतो. दुसरीचे पैसे पुष्कळदा आधी आपण भरून मागाहून मिळवावे लागतात, म्हणून डिस्चार्जच्या दिवशी हाताशी काही रोकड लागणार हेही धरून चालावे.

आता मूळ प्रश्नाचे उत्तर देऊ. स्वस्त विमा केव्हा पुरतो? आमच्या मते तीन परिस्थितींत.

पहिली, उंबरठ्याखाली स्वतःच्या नावाची मूळ पॉलिसी आहे, तिची रक्कम उंबरठ्याइतकी आहे आणि वर्षाची तारीख जुळलेली आहे. ५ लाखांची मूळ आणि वर १० लाखांची सुपर टॉप-अप, ही बांधणी मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबाला आम्ही निःशंकपणे सुचवतो, अर्थात एका मोठ्या पॉलिसीशी किंमत ताडून पाहिल्यावर.

दुसरी, उंबरठ्याएवढी रक्कम बँकेत वेगळी ठेवलेली आहे. मुलीच्या लग्नाची नव्हे, घराची नव्हे, केवळ आजारपणाची. ज्याच्याजवळ ५ लाख असे बाजूला आहेत तो पहिल्या ५ लाखांपुरता आपला आपणच विमेदार आहे. त्याला एकटी सुपर टॉप-अप चालेल. मात्र ती रक्कम एका वर्षी खर्च झाली तर पुढच्या वर्षी उंबरठा पुन्हा उभा राहतो, तेव्हा ती भरून काढण्याची ऐपतही हवी.

तिसरी, मालकाची गट पॉलिसी आहे, नोकरी स्थिर आहे आणि वय तिशी-पस्तिशीचे आहे. येथे सुपर टॉप-अप पुरते, पण काही वर्षांपुरतीच पुरते. चाळिशीच्या आत-बाहेर, प्रकृती धड असताना, ३ ते ५ लाखांची का होईना, स्वतःची मूळ पॉलिसी सुरू करावी. नोकरीची पॉलिसी असताना हा हप्ता फुकट गेल्यासारखा वाटतो. पण त्या काळात आपण प्रतीक्षाकाळ संपवीत असतो, आणि निवृत्तीच्या दिवशी तो संपलेला असणे हेच त्या हप्त्याचे मोल आहे.

या तिन्हींपैकी एकही परिस्थिती नसेल, म्हणजे खाली पॉलिसी नाही, गाठीला पैसा नाही आणि नोकरीही कंत्राटी आहे, तर १० लाखांची सुपर टॉप-अप घेऊ नये. त्याऐवजी ३ लाखांचीच मूळ पॉलिसी घ्यावी. कागदावर १० लाख हा आकडा मोठा दिसतो, परंतु अशा घराचे कंबरडे पहिल्या ३ लाखांतच मोडते आणि ती १० लाखांची पॉलिसी तेथे बोलतच नाही.

आमच्या कचेरीत आता एक रीत पडली आहे. कोणी सभासद पॉलिसी दाखवायला आला की आम्ही हप्ता विचारत नाही आणि छत्र किती लाखांचे तेही विचारत नाही. आम्ही विचारतो, "उंबरठा किती, आणि तो आज कोण भरणार? निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी कोण भरणार?" या प्रश्नाला ज्याच्यापाशी नाव आहे त्याचा स्वस्त विमा पुरेसा आहे. फिटरबंधूंनी गेल्या वर्षी पतपेढीचा शेवटचा हप्ता फेडला आणि बांगड्या सोडवल्या. आता त्यांची ५ लाखांची मूळ पॉलिसी आहे, वर सुपर टॉप-अप आहे, आणि दोन्ही १ एप्रिललाच सुरू होतात. ती तारीख जुळवताना अर्ज त्यांनी स्वतः वाचला. आमच्यावर सोपवला नाही. ते योग्यच केले, असे आम्ही त्यांना सांगितले.